टिचबटण सारखं उघडतंय? आधी तपासा, मगच हातोडी उचला

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. लहान मुलाचं डेनिम जॅकेट आलं, पोटावरचं तिसरं बटण सारखं सुटायचं. मी नवीन बटण ठोकून दिलं. दोन दिवसांत ताई परत आल्या, बटण पुन्हा सुटत होतं. चूक माझीच होती. मी तपासलंच नव्हतं आणि वर जोरात ठोकलं होतं.

ठोकायच्या टिचबटणाचे चार भाग असतात. वरच्या पट्टीवर बाहेरून टोपी आणि आतून वाटी; खालच्या पट्टीवर वर आलेली घुंडी आणि मागून तिची नळी. वाटीतली बारीक स्प्रिंग घुंडीची मान पकडते. स्प्रिंग सैल पडली किंवा घुंडी चेपली, की पकड सुटते.

दोष कुठे आहे ते असं ओळखा. दुसऱ्या, चांगल्या बटणाची वाटी तिसऱ्या घुंडीवर दाबून बघा. घट्ट बसली तर घुंडी ठीक, खराब वाटीच आहे. तीही सुटली तर घुंडी गेली. तरी बदलताना दोन्ही बाजू एकाच सेटमधल्या घ्या. दोन कंपन्यांची बटणं दिसायला सारखी असली तरी नेमकी बसतीलच असं नाही.

आता काम. पक्कडीने फक्त वाटीच्या कडा दाबून तिला चेपटवा आणि हलवत काढा. कापड ओढू नका. भोक मोठं झालं असेल तर आतून जाड कापडाचा छोटा तुकडा शिवा आणि आरीने त्यात नवीन, बारीक भोक पाडा. भोक सैल राहिलं तर बटण कापडासकट निघून येतं.

टोपीची नळी भोकातून घाला. ती कापडाच्या वर साधारण दोन-तीन मिलिमीटर दिसायला हवी. जास्त असेल तर ठोकताना वाकडी होते, कमी असेल तर पकडतच नाही. टोपी साच्यावर ठेवा, वर वाटी, वाटीत पंच सरळ उभा. मध्यम जोराचे दोन-तीन ठोके पुरे. घुंडीही अशीच बसवायची, पण पंच जरा तिरका झाला तरी तिचं तोंड चेपतं. माझ्या जॅकेटचं नेमकं हेच झालं होतं.

शेवटी टोपी बोटाने फिरवून बघा. फिरली तर आणखी एक हलका ठोका द्या. मग दहा वेळा उघडझाप करा. "टिच" असा स्वच्छ आवाज आला तरच गिऱ्हाइकाला द्या.

आणि हो, पातळ, ताणणाऱ्या होजियरीवर हे नळीचं बटण लावू नका. तिथे दातांच्या रिंगचं बटण लागतं. पहिलं बटण नेहमी टाकाऊ कापडावर ठोकून बघा. चुकलं तर एक बटण जाईल, जॅकेट नाही.