मीटरचा फोटो आला, आता वाचायचा कसा?

ताईंनो, बऱ्याच गटांच्या औजार बँकेत बॅटरीवर चालणारे फवारणी पंप आहेत. पंप बंद पडला की आपण तो दुरुस्तीला देतो. मग मोबाइलवर मल्टिमीटरचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "बॅटरी गेली, नवीन घ्या." पैसे गटाच्या खात्यातून जाणार असतात, म्हणून हो म्हणण्याआधी तो फोटो आपण वाचू.

आधी बटण बघा, मग आकडा

साध्या पिवळ्या मीटरच्या पडद्यावर नुसता आकडा येतो. तो कशाचा आहे, हे मधलं गोल बटण सांगतं. बटणावरची खूण कोणत्या भागात आहे ते फोटो मोठा करून पाहा.

- "DCV" किंवा V शेजारी सरळ रेघ: बॅटरीचा व्होल्ट, म्हणजे विजेचा दाब.
- "ACV" किंवा V शेजारी नागमोडी रेघ: घरातल्या लाइटचा व्होल्ट.
- "DCA" किंवा A: तारेतून वाहणारा करंट.
- "Ω": रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा.

पडद्यावर "12.40" दिसतंय समजा. खूण DCV च्या "20" वर असेल तर ते १२.४० व्होल्ट. तीच खूण Ω च्या "20k" वर असेल तर तो १२.४० किलोओहम रोध झाला, बॅटरीचा त्यात काही संबंध नाही. आकडा तोच, पण मोजलेली गोष्ट वेगळी.

बटणाशेजारचा "20" किंवा "200" हा मोजलेला आकडा नाही. तिथे जास्तीत जास्त किती मोजता येईल, ती मर्यादा आहे. पाच किलोच्या काट्यावर पन्नास किलोचं पोतं ठेवून वजन कळत नाही, तसंच हे.

एक फोटो वाचून पाहू

समजा फोटोत पडद्याच्या डाव्या टोकाला एकटा "1" आहे, बाकी जागा कोरी. खाली लिहिलंय, "एकच व्होल्ट आहे, बॅटरी संपली." बटण DCV मध्ये "2000m" वर आहे.

"2000m" म्हणजे २००० मिलिव्होल्ट, म्हणजे दोनच व्होल्ट. पंपाची बॅटरी १२ व्होल्टची. डावीकडचा एकटा "1" म्हणजे एक व्होल्ट नव्हे, तर "माझ्या मर्यादेबाहेर गेलं" असं मीटर सांगतंय. काही मीटरवर तिथे "OL" येतं. खरोखर एक व्होल्ट असता तर या जागी "1000" च्या आसपास आकडा दिसला असता. म्हणजे या फोटोवरून बॅटरी गेली असं म्हणता येत नाही. दोन व्होल्टपेक्षा जास्त दाब आहे, एवढंच कळतं.

आता दुरुस्तीवाल्या दादांना सांगा, "बटण DCV च्या 20 वर ठेवा, आणि मीटरच्या दोन्ही पिना बॅटरीला लावलेल्या दिसतील असा फोटो पाठवा." समजा नव्या फोटोत "12.08" आलं. शिसे-आम्लाच्या बॅटरीत याचा अर्थ चार्जिंग निम्म्याहून कमी उरलंय. म्हणून आधी पूर्ण चार्ज करायची. (लिथियम बॅटरीला हे आकडे लागू नाहीत.)

आकड्याआधी "-" दिसलं तर घाबरू नका, लाल-काळी पिन उलटी लागली आहे एवढंच.

फोटोत न दिसणारं विचारा

चार्जर लावलेला असताना १३.५ ते १४.४ व्होल्ट दिसतात, तो बॅटरीचा खरा आकडा नव्हे. चार्जर काढून तीन-चार तासांनी मोजायला सांगा. चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. पूर्ण चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहिली, तर सहा खणांपैकी एक खण गेला असण्याची शक्यता मोठी, कारण एक खण साधारण दोन व्होल्टचा असतो.

शेवटची परीक्षा पंप चालू ठेवून. नुसता ठेवल्यावर १२.६, पण पंप सुरू करताच आकडा १०.५ च्या खाली घसरला, तर बॅटरीत दम राहिलेला नाही. तेव्हा मात्र नवीन घ्यावीच लागेल.

स्वतः मोजणार असाल तर काळी पिन "COM" मध्ये आणि लाल पिन "V" लिहिलेल्या भोकात घाला. लाल पिन "10A" मध्ये ठेवून बॅटरीला लावली तर शॉर्ट होतो. घरच्या लाइटवर मीटर लावू नका.

बैठकीत सोडवा

१. बटण DCV "200" वर, पडद्यावर "12.6".
२. बटण Ω "200" वर, पडद्यावर डावीकडे "1".
३. बटण DCV "20" वर, पडद्यावर "1.02".

उत्तरं: १. बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट. २. रोध २०० ओहमपेक्षा जास्त, किंवा पिना कशालाच लागलेल्या नाहीत. ३. खरोखर एकच व्होल्ट. पिना नीट टेकल्या होत्या का, एवढं विचारा. टेकल्या असतील तर दादांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता जास्त.