'बसव म्हणे' तेवढं काढ

अगं, बसव जयंतीला तुमचं मंडळ गाणार आहे ते वचन मी काल शांतपणे वाचलं. मराठी गोड उतरलंय, चालही छान बसलीय. पण शेवटी 'बसव म्हणे' आलंय ना, ते आधी काढायला सांग.

आपण तुकोबा-नामदेव ऐकत वाढलो, म्हणून शेवटी कवीचं नाव आलं की आपल्याला बरं वाटतं. वचनाची रीत वेगळी आहे. तिथं शेवटी देवाचं नाव येतं. बसवण्णांचा 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींचा 'चन्नमल्लिकार्जुन', अल्लमप्रभूंचा 'गुहेश्वर'. याला अंकित म्हणतात आणि त्यावरूनच वचन कुणाचं ते ओळखतात. नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा जिला मिळते, ती कृष्णा पुढं बागलकोट जिल्ह्यात मलप्रभेला भेटते. त्या संगमावरचा देव म्हणजे हा कूडलसंगमदेव. बसवण्णा त्याच्याशी बोलतायत आणि आपण शेजारी बसून ऐकतोय, असा सगळा मामला आहे. 'बसव म्हणे' केलंस की त्याचा उपदेश होतो आणि ज्याला हाक मारली तो देवच गाण्यातून जातो.

तुम्ही निवडलंय ते वचन फार प्रसिद्ध आहे. श्रीमंत लोक शिवाचं देऊळ बांधतील, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ आणि डोकं सोन्याचा कळस, असा त्याचा आशय. शेवटी स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही, असं संगमदेवाला सांगितलंय. तुमच्या प्रतीत देह-देऊळ आहे, खांब आहेत, कळस आहे. श्रीमंत आणि गरीब मात्र गायब! असं का झालं, ते मला दिसतंय. भाषांतर करणाऱ्यानं ते मोठ्या अभंगाच्या मापात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांत बसवलंय. वचनाला असं ठरलेलं माप नसतं. मग जागा कमी पडली की काहीतरी गळतं आणि यमकासाठी भलतंच आत येतं. इथं गरिबाचा प्रश्न गळला आणि 'चरणी माथा' आला. उरलं ते आपल्या ओळखीचं, देहात देव आहे असं सांगणारं भजन. पण ज्याच्याकडं देऊळ बांधायला पैसा नाही त्याचं हे बोलणं आहे. ते वगळलं तर बाराव्या शतकात हे कुणाला टोचलं असेल, ते कळणारच नाही.

'स्थावर-जंगम' हे शब्द ठेवलेत ते बरोबर केलंय, पण नुसते सोडू नका. आपल्याकडं हा जोड ऐकला की लोकांना सातबारा आठवतो. 'जंगम' म्हटलं की घरी पूजेला येणारे अय्या डोळ्यांपुढं येतात. इथं स्थावर म्हणजे एका जागी बांधून ठेवलेलं आणि जंगम म्हणजे चालतं-बोलतं, जिवंत. निवेदन करणारीनं गाण्याआधी एवढं एकच वाक्य सांगायचं.

आता तपासायचं कसं? मराठीवरून मराठी तपासू नकोस. मूळ कन्नड वचन समोर घे. कर्नाटक सरकारनं काढलेल्या 'समग्र वचन संपुट'चे पंधरा खंड आहेत, त्यातला पहिला बसवण्णांचा. गडहिंग्लज-निपाणीकडची, घरात कन्नड बोलणारी एखादी जाणती बाई गाठ. तिला तुमचं भाषांतर आधी दाखवायचं नाही, नाहीतर ती तुमच्या शब्दांकडं झुकेल. तिनं ओळ वाचायची, साध्या मराठीत अर्थ सांगायचा आणि तू लिहून घ्यायचा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून गळलेल्याखाली रेघ मार आणि वाढवलेल्याला गोल कर. वाक्यं मागंपुढं झाली तर चालेल. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय आणि कशाला विरोध करतंय, हे तीन मात्र हलता कामा नयेत.

पुस्तक कुठलं घेतलंय तेही बघ. माते महादेवींच्या 'बसव वचन दीप्ती'त 'कूडलसंगमदेव'च्या जागी 'लिंगदेव' छापलं होतं. १९९८ मध्ये कर्नाटक सरकारनं त्या पुस्तकावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. माते महादेवींना मानणारेही आपल्यात आहेत, तेव्हा कुणी 'लिंगदेव' म्हणा असा आग्रह धरला तर भांडू नकोस. मूळ पाठ उघडून दाखव आणि अंकित आहे तसंच ठेव.

'कूडलसंगमदेवा' हे मापात बसत नाही अशी कुरकूर होईल. मग ती ओळ मापात गाऊच नका. मल्लिकार्जुन मन्सूरांची वचनं ऐक, म्हणजे बिनमापाचं बोलणं सुरात कसं धरायचं ते कळेल. तेही जमलं नाही तर टाळ थांबवा, पेटीचा नुसता सूर राहू दे, आणि शेवटची ओळ एकीनं बोलून म्हणायची. गरीब-श्रीमंताची ओळही तशीच आत घे. सराव मंगळवारी आहे म्हणालीस ना, त्याआधी नवी प्रत सगळ्यांच्या हातात पडू दे. एकदा जुने शब्द तोंडात बसले की ऐन कार्यक्रमात तेच बाहेर येतात.