पत्रसंग्रहाची सूची: आधी तारीख, मग माणूस

मोडीतून देवनागरीत उतरवलेल्या पत्रांची सूची करायची म्हटले की विद्यार्थी सहसा व्यक्तिनामांपासून सुरुवात करतात. नावे डोळ्यांत भरतात, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पण पेशवाईतील पत्रे असतील तर मी त्यांना आधी तारखांची सूची करायला सांगतो. पत्रातला ‘नाना’ कोण, हे बहुधा पत्राची तारीखच ठरवते.

त्या काळच्या पत्रांत तारीख बऱ्याचदा दोन वेगळ्या गणनांतून येते. महिना आणि चंद्राचा दिवस हिजरी असतो, वर्ष मात्र सुहूर सनाचे, म्हणजे मृगसालाचे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात आला की बदलते. आजच्या इंग्रजी पद्धतीने अठराव्या शतकाच्या मध्यावर हा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात पडे. तेथपासून डिसेंबरअखेरपर्यंत सुहूर सनात ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत, की इसवी सन मिळतो. म्हणजे ११६१ हे साल १७६० च्या जूनपासून १७६१ च्या जूनपर्यंत चालते. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) या सालात येते.

एवढ्यावर काम भागत नाही. सुहूर वर्ष सौर, सुमारे ३६५ दिवसांचे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून एका सुहूर सालात दहा-अकरा हिजरी तारखा दोनदा येतात. समजा, पत्राच्या शेवटी ‘छ २४ सवाल, सन इहिदे सितैन’ एवढेच आहे. हिजरी ११७३ चा २४ सवाल सुमारे ९ जून १७६० ला पडतो आणि हिजरी ११७४ चा सुमारे २९ मे १७६१ ला. दोन्ही दिवस सुहूर ११६१ मध्येच आहेत. ‘सुमारे’ म्हणायचे कारण, चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. दोन तारखांच्या मध्ये पानिपत उभे आहे, तेव्हा चुकीची तारीख निवडली तर पत्राचा सारा अर्थ उलटतो.

मग पत्राच्या आत शिरावे लागते. ‘भाऊसाहेबांचा मुक्काम चंबळेजवळ’ असा मजकूर असेल तर जून १७६० हीच तारीख, कारण त्या सुमारास सदाशिवरावभाऊ ग्वाल्हेर-चंबळेच्या भागात होते. नुसता ‘भाऊसाहेबांचे वर्तमान कळवावे’ असा मजकूर असेल तर मात्र निर्णय घेऊ नये. पानिपतानंतरही ते जिवंत असल्याच्या वार्ता उठत होत्या. अशा वेळी सूचीत दोन्ही तारखा द्याव्यात आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. प्रश्नचिन्हाचा संकोच मी अनेक चांगल्या अभ्यासकांतही पाहिला आहे. पण सूचीतली खोटी खात्री पुढच्या दहा लेखांत तशीच उतरते.

आणखी एक गोष्ट. पत्रावर कधी पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, तारीख वेगळी लिहिलेली असते. ती लेखनतिथीच्या रकान्यात गेली तर दिल्लीहून पुण्यास पोचायला लागलेले दिवस नाहीसे होतात. दोन्हींना स्वतंत्र रकाने हवेत.

आता ‘नाना’. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन. टोपणनाव तेच आणि मूळ नावही तेच! नानासाहेब जून १७६१ मध्ये वारले. त्यानंतरच्या पत्रात हयात माणूस म्हणून आलेला ‘नाना’ ते नव्हेत, एवढे तारीख निश्चित सांगते. त्याआधीच्या पत्रात मात्र मायना, लिहिणारा आणि कामाचे स्वरूप पाहावे लागते. म्हणून व्यक्तिसूचीत मी चार रकाने ठेवायला लावतो: पत्रात आहे तसे नाव, ठरवलेली ओळख, ओळखीचा आधार आणि पत्रक्रमांक. पृष्ठांक देऊ नये. नवी आवृत्ती निघाली की तो बदलतो. पहिल्या रकान्यातले रूप सुधारू नये, ‘दादासाहेब’ला परस्पर ‘रघुनाथराव’ करू नये. ‘दादासाहेब, पाहा रघुनाथराव’ अशी वाटखूण ठेवली की शोधणारा कोणत्याही दाराने आला तरी पोचतो.

स्थळांनाही तेच लागू आहे: ‘भागानगर, पाहा हैदराबाद’, ‘शहाजहानाबाद, पाहा दिल्ली’. मात्र पत्र जेथून लिहिले ते स्थळ आणि ज्याचा मजकुरात नुसता उल्लेख आहे ते स्थळ, यांसाठी निराळी खूण हवी. मी लेखनस्थळाच्या पत्रक्रमांकापुढे ‘मु’ लिहितो. भाऊसाहेबांच्या छावणीतून गेलेल्या पत्रांचे ‘मु’ तारखेच्या क्रमाने लावले, तर फौजेची वाट कागदावर उमटते आणि एखादा मुक्काम त्या वाटेत बसत नसेल, तर पुन्हा त्या पत्राची तारीख तपासायला घ्यावी.