न शिजलेले बटाटे

सन १८३५ च्या मार्च महिन्यात चार्ल्स डार्विन हा तरुण इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडीत होता. वाट दाखविणारे व खेचरे हाकणारे तेथलेच काही लोक त्याच्या सोबत होते. उंचावरील एका मुक्कामी त्यांनी बटाटे शिजत ठेविले. भांडे रात्रभर विस्तवावर राहिले आणि सकाळी पुन्हा एकदा त्याला उकळी आणली, तरी बटाटे काही शिजले नाहीत. ह्याचे कारण काय असावे, ह्याचा सोबत्यांनी पुष्कळ खल केला. भांडे नवे होते. तेव्हा ह्या भांड्यालाच बटाटे शिजवावयाचे नाहीत, असे त्यांनी ठरवून टाकले!

भांडे बिचारे निर्दोष होते. पाणी उकळत होते, हेही खरे. मग चूक कोठे होती? ‘पाणी उकळले म्हणजे ते पुरेसे तापलेच’ ह्या समजुतीत. ही समजूत का खोटी ठरते, हे कळण्यासाठी पाणी उकळते म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे.

पाण्याचे सूक्ष्म कण, म्हणजे रेणू, सदैव हालचाल करीत असतात. त्यांपैकी काही चपळ रेणू पाण्यातून सुटून बाष्परूपाने बाहेर पडतात; म्हणूनच वाळत घातलेले धोतर न उकळताही वाळते. पाणी झाकलेल्या भांड्यात असेल, तर हे बाष्प आत साठते व भोवताली रेटा देते. काही रेणू पाण्यात परतही येतात. जाणारे आणि येणारे रेणू सारखे झाले, म्हणजे बाष्पाचा रेटा स्थिर होतो. ह्या रेट्यास ‘बाष्पदाब’ म्हणतात. पाणी जितके अधिक तापेल, तितका त्याचा बाष्पदाब वाढतो.

आपल्या भोवतालची हवाही पाण्यावर दाब देत असते. समुद्रकाठी हा दाब पाऱ्याचा सुमारे ७६० मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा बाष्पदाब जेमतेम ३२ मिलिमीटर असतो. अशा पाण्याच्या पोटात बाष्पाचा बुडबुडा धरू लागला, तर बाहेरचा दाब त्याला तत्काळ चिरडून टाकतो. १०० अंशांवर मात्र बाष्पदाबही ७६० मिलिमीटर होतो. आता बुडबुडा टिकतो, फुगतो व वर येऊन फुटतो. ह्यालाच आपण उकळणे म्हणतो. बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते, हे ह्यातील मर्म होय.

उंच पर्वतावर आपल्या डोक्यावरची हवा कमी असते. अर्थात तिचा दाबही कमी असतो. लडाखमधील लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ४९० मिलिमीटर भरतो. पाण्याचा बाष्पदाब इतका होण्यास ८८ अंश पुरेसे होतात; म्हणून तेथे पाणी ८८ अंशांवरच उकळते. मग जाळ वाढविला तर? पाणी अधिक जोराने उकळेल आणि लवकर आटेल, पण अधिक तापणार नाही. वाढीव उष्णता पाण्याचे बाष्प करण्यातच खर्ची पडते. डार्विनच्या सोबत्यांचे बटाटे अशाच कोमट उकळीत रात्रभर नाचत राहिले.

बाहेरचा दाब वाढविला, तर ह्याच्या उलट घडेल. डेनिस पापँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली घट्ट झाकणाचे एक पात्र बनविले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. पात्र फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाने दाबलेली झडप बसविली. आपला प्रेशर कुकर हा त्याच पात्राचा वंशज होय. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, आतला दाब बाहेरच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. त्यामुळे डाळ लवकर शिजते. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागला, की वाफ शिटीचे वजन उचलून बाहेर पडते. तापमान तेथेच थांबते. मोठा जाळ ठेवला तर शिट्या वाढतात, आतली उष्णता नव्हे.

शिटीचे वजन बाहेरच्या हवेच्या दाबात आपली भर घालते. म्हणून लेहमध्ये तोच कुकर सुमारे ११५ अंशांपर्यंतच पोहोचतो. तरीही उघड्या भांड्यातील ८८ अंशांपेक्षा ते कितीतरी अधिक आहे.

दाब उतरण्यापूर्वी कुकर कधीही उघडू नये. आतले पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असते. केवळ दाबामुळे ते शांत राहिलेले असते. झाकण निघताच तो दाब नाहीसा होतो, पाणी एकाएकी उसळून उकळते आणि उघडणारा भाजतो. शिटी हलकेच उचलून पाहावी. वाफेचा फुसकारा आला, तर आणखी थांबावे.

स्वाध्याय
१. डार्विनच्या सोबत्यांनी विस्तवात आणखी लाकडे घातली असती, तर बटाटे शिजले असते काय? सकारण लिहा.
२. एकच कुकर मुंबईपेक्षा लेहमध्ये कमी का तापतो?