पाठटाचणाचे शेवटचे पान : यंदाचा अनुभव, पुढच्या तुकडीची आखणी

प्राथमिक शाळेतील पाठटाचण वहीत प्रत्येक घटकाच्या अखेरीस थोडी जागा राखलेली असते. तिला कोणी ‘चिंतन’ म्हणतात, कोणी ‘शेरा’. या जागेत बहुधा एकच वाक्य आढळते : ‘घटक पूर्ण झाला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद समाधानकारक.’ हे वाक्य खोटे नसते; परंतु पुढील जूनमध्ये नवी मुले त्याच बाकांवर येऊन बसतात, तेव्हा त्याचा काहीच उपयोग होत नाही. दरम्यान शिक्षकाची बदली झाली असेल, तर नव्याने आलेल्या शिक्षकाला सारे पुन्हा पहिल्यापासून अनुभवावे लागते आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते.

हे पान उपयुक्त कसे करता येईल, ते पाचवीच्या गणितातील एका घटकाच्या आधारे पाहू. घटक आहे दशांश अपूर्णांकांची तुलना. उदाहरणातील आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. त्यांत दिसणाऱ्या चुका मात्र वर्गावर्गांतून नित्य आढळणाऱ्या आहेत.

सरासरी काय लपविते?

समजा, वर्गात ३० मुले आहेत. घटक संपल्यावर शिक्षकांनी चार प्रश्नांची छोटी चाचणी घेतली. प्रत्येक जोडीतील मोठी संख्या ओळखावयाची होती : ०.३५ व ०.२७, ०.६ व ०.४५, ४.८ व ४.६३, ०.७५ व ०.४. पहिला प्रश्न तीसही मुलांनी बरोबर सोडविला. दुसरा व तिसरा प्रत्येकी १७ जणांना आला, तर चौथा २६ जणांना. एकूण १२० उत्तरांपैकी ९० बरोबर, म्हणजे ७५ टक्के. ‘समाधानकारक’ हा शेरा येथूनच येतो.

परंतु प्रत्येक मुलाची चारही उत्तरे एका ओळीत मांडून पाहिली, की निराळेच चित्र दिसते. १३ मुलांनी दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नात ०.४५ आणि ४.६३ या संख्या मोठ्या ठरविल्या. त्यांच्या मते ४५ हे ६ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५ मोठा. दशांशचिन्हानंतरचे अंक ती पूर्ण संख्येसारखे वाचतात. चौथ्या प्रश्नात याच चुकीच्या विचाराने त्यांना बरोबर उत्तर मिळाले, कारण ७५ हे ४ पेक्षा मोठे आहेत. उरलेल्यांपैकी ४ मुलांची चूक नेमकी उलट होती. ‘दशांशापेक्षा शतांश लहान’ हे ऐकून, जिच्यात अंक कमी ती संख्या मोठी, असा नियम त्यांनी मनाशी बांधला. म्हणून ०.६ आणि ४.८ ही उत्तरे बरोबर आली, पण ०.४ हा ०.७५ पेक्षा मोठा ठरला. चारही उत्तरे बरोबर देणारी मुले केवळ १३ उरली. पहिला प्रश्न तर कोणालाच पकडू शकला नाही. दोन्ही संख्यांत अंक सारखेच असल्याने चुकीचा नियमही तेथे चालून जातो.

तेव्हा चिंतनाच्या पानावर गुणांची सरासरी लिहून भागत नाही. किती मुलांनी कोणते चुकीचे उत्तर दिले आणि ते कोणत्या समजुतीतून आले, हे लिहिले पाहिजे.

कारण कोठे सापडते?

कारण शोधण्यासाठी रोजच्या नोंदी लागतात. तास संपताच दोन ओळी लिहिल्या तरी पुरे : काय ठरविले होते, प्रत्यक्षात काय झाले. मार्च महिन्यात आठवून लिहिलेल्या नोंदीत झालेल्या गोष्टींपेक्षा व्हावयास हव्या होत्या त्याच अधिक येतात.

आपल्या उदाहरणात पहिल्या तासाची नोंद अशी आहे : ‘रुपये-पैशांपासून आरंभ केला. मुले भराभर उत्तरे देत होती.’ अडचणीचे मूळ येथेच असावे. ४.५० हे मूल ‘चार रुपये पन्नास पैसे’ असे वाचते. म्हणजे टिंबाच्या दोन बाजूंना त्याला दोन स्वतंत्र पूर्ण संख्या दिसतात. शिवाय पैसे नेहमी दोन अंकांत लिहिले जात असल्याने ०.६ आणि ०.४५ यांसारखी असमान जोडी तेथे समोर येतच नाही.

सातव्या तासाची नोंद अशी : ‘शंभर घरांचा चौकोन रंगविला. ०.६ साठी सहा पूर्ण पट्ट्या, ०.४५ साठी पंचेचाळीस घरे. उपस्थिती १९, गावात जत्रा.’ हजेरीपटाशी ताडून पाहिले, तेव्हा ०.४५ मोठा म्हणणाऱ्या १३ मुलांपैकी ८ जण त्या दिवशी गैरहजर होते, असे आढळले. म्हणजे गैरहजर ११ पैकी ८ चुकले, तर हजर १९ पैकी ५.

चौकोनाचा उपयोग झाला, असे यावरून म्हणता येईल. तथापि एक सावधगिरी हवी. जत्रेच्या दिवशी न येणारी मुले एरवीही वारंवार गैरहजर राहणारी असू शकतात. म्हणून ‘चौकोनामुळेच समजले’ असे न लिहिता ‘चौकोनाचा उपयोग झालेला दिसतो, पुढील वर्षी पडताळावे’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होय.

आखणीत बदल

‘पुढील वर्षी अधिक सराव घ्यावा’ हा बदल नव्हे. कोणत्या तासाला, काय, कशाच्या जागी, हे त्यात आले पाहिजे. वरील नोंदींवरून पुढील मजकूर तयार होतो :

‘शंभर घरांचा चौकोन सातव्याऐवजी दुसऱ्या तासाला घ्यावा. रुपये-पैसे सहाव्या तासानंतर घ्यावेत. चौकोनाचा तास जत्रेच्या आठवड्यात ठेवू नये. गैरहजर मुलांसाठी तो पुन्हा घ्यावा. “शतांश लहान” एवढेच सांगून थांबू नये, ०.७५ आणि ०.४ रंगवून, तुकडा केवढा आणि तुकडे किती हे दोन्ही मुलांकडून बोलून घ्यावे. चौथ्या तासानंतर तेच चार प्रश्न विचारावेत व घटक संपल्यावर एक महिन्याने पुन्हा विचारावेत. चारही बरोबर असणाऱ्यांची संख्या यंदाच्या ३० पैकी १३ शी ताडून पाहावी.’

पुढच्या तुकडीत हा आकडा १५ झाला, तर त्यावरून काही ठरवू नये. एवढा फरक मुले बदलल्यानेही पडतो. २४ झाला, तर बदल टिकवावा. तेवढाच राहिला, तर कारण चुकीचे शोधले असे समजून पुन्हा नोंदी वाचाव्यात. जे बरे चालले, तेही नावानिशी लिहावे. अन्यथा नवे शिक्षक आखणी बदलताना नेमके तेच वगळण्याचा संभव असतो.

वाचणाऱ्यांसाठी

या पानावर मुलांची नावे नसावीत. ती शिक्षकांच्या स्वतंत्र वहीत असावीत. पान शाळेच्या दप्तरी राहिले, तरच ते बदलून येणाऱ्या शिक्षकाच्या हाती पडते.

शाळा तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘१७ मुलांना आले नाही’ या नोंदीवरून शिक्षकांना जाब विचारला, तर पुढील वर्षी त्या जागी पुन्हा ‘समाधानकारक’ हाच शब्द दिसेल. त्यांनी विचारावयाचा प्रश्न असा : गेल्या वर्षीच्या पानातील कोणता बदल यंदा केलात, आणि काय दिसले? ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी जत्रेची तारीख वर्षारंभीच शाळेला कळविली, तर चौकोनाचा तास कोणत्या आठवड्यात ठेवावयाचा, हे जूनमध्येच ठरविता येईल.