नव्या पदाचे कार्यवर्णन : संचालन समन्वयक

पूर्वीपासून असलेल्या पदाचे कार्यवर्णन लिहिणे फारसे अवघड नसते. त्या खुर्चीवरील व्यक्ती दिवसभर काय करते हे पाहिले की निम्मे काम होते. नव्या पदाला मात्र अशी खुर्चीच नसते. मग ‘विविध विभागांत समन्वय राखणे’ असे वाक्य लिहून वेळ निभावली जाते. कोणते काम कोणाकडून काढून कोणाकडे दिले, हे त्यातून कळत नाही.

समजा, कोइमतूर येथे पंपांचे शाफ्ट तयार करणारा तीस कामगारांचा कारखाना आहे. मागण्या व खरेदी मालक स्वतः पाहतात. हाताखाली पर्यवेक्षक, भांडारपाल व लेखापाल आहेत. संचालन समन्वयक नेमण्यापूर्वी मालकांनी दोन आठवडे एक वही ठेवावी आणि काम अडल्यामुळे आपल्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न तीत टिपावा. कोणाचा माल आधी यंत्रावर घ्यायचा, पोलादी सळ्या केव्हा येणार, ग्राहकाला कोणती तारीख सांगायची, असे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा आढळतील. नव्या पदाची कर्तव्ये त्यांतूनच निघतात.

आता वरील वाक्य असे होईल : ‘रोज सकाळी दहापर्यंत प्रलंबित मागण्या व भांडारातील साठा पाहून पुढील तीन दिवसांचा यंत्रनिहाय क्रम ठरविणे व तो पर्यवेक्षकास लेखी देणे.’ हे काम झाले की नाही, हे कोणालाही तपासता येते. त्याच्या शेजारीच अधिकार लिहावा : क्रम बदलण्याचा निर्णय समन्वयकाचा, कामगारांची नेमणूक व शिस्त पर्यवेक्षकाकडेच. ही रेषा कागदावर नसेल, तर जुना पर्यवेक्षक पहिल्याच आठवड्यात दुखावतो आणि कामगार दोघांचे हुकूम घेऊन मालकांकडे जातात. म्हणून हा मसुदा पर्यवेक्षकाला आधी वाचून दाखविणे बरे.

खर्चाची मर्यादाही आकड्यात हवी. उदाहरणार्थ, कर्तन तेल व हत्यारांसाठी एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. मात्र ज्याने माल मागविला, त्यानेच तो मोजून घेऊन बिलही मंजूर करावे, अशी रचना टाळावी. मोजणी भांडारपालाकडे राहू द्यावी.

रोख पत (कॅश क्रेडिट) घेणाऱ्या उद्योगांना बँकेकडे साठा विवरण द्यावे लागते. त्याची जुळवाजुळव या पदाकडे सोपविता येईल. पण ग्राहकाने केवळ यंत्रकामासाठी पाठविलेला माल आपल्या साठ्यात धरू नये आणि ज्याचे पैसे देणे बाकी आहे तो माल वेगळा दाखवावा, हे कार्यवर्णनातच नमूद असावे. अन्यथा आहरण क्षमता फुगलेली दिसते आणि तपासणीच्या वेळी ती एकदम घटते. विवरणावरील स्वाक्षरी व जबाबदारी मालकांचीच.

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा दोन आठवडे ठेवावी. प्रश्न पूर्वीइतकेच येत असतील, तर माणूस बदलण्याआधी अधिकाराचे कलम वाचून पाहावे. बहुधा तेथे ‘मालकांच्या संमतीने’ हे शब्द सापडतात.