चित्रातील शब्द बदलले. पर्यायी मजकुराचे काय?

संकेतस्थळावरील नकाशात ‘बीड’ हा शब्द आपल्याला दिसतो, पण संगणकाला तो शब्द म्हणून ठाऊक नसतो. नकाशा चित्र म्हणून साठवला की त्यातील अक्षरे म्हणजे नुसते रंगीत ठिपके उरतात. भिंतीवर रंगवलेल्या पाटीसारखेच हे आहे. पाटीवरचे एक अक्षर खोडून दुसरे टंकित करता येत नाही. तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो.

दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर नावाच्या कार्यक्रमाच्या साहाय्याने पान ऐकतो. हा कार्यक्रम सामान्यतः चित्रातील ठिपके वाचत नाही. चित्राबरोबर पानाच्या संहितेत `alt` या गुणधर्मात लिहिलेला मजकूर तो वाचून दाखवतो. यालाच पर्यायी मजकूर म्हणतात. तो चित्राच्या फाइलीत नसून पानात असतो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढची सारी गडबड हिच्यातूनच उद्भवते.

आता एक उदाहरण पाहू. समजा, एका शाळेच्या संकेतस्थळावर जालना जिल्ह्याचा जुना नकाशा आहे. त्याची संहिता अशी :

```html
<img src="jalna.png" alt="जालना जिल्ह्याचा नकाशा.
उत्तरेस जळगाव, पूर्वेस बुलढाणा व परभणी,
दक्षिणेस बीड, पश्चिमेस औरंगाबाद.
तळटीप : १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी
जिल्ह्यांच्या भागांतून निर्मिती.">
```

२०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. शाळेने नकाशाच्या पश्चिम बाजूचे नाव पुन्हा रंगवून घेतले आणि नवे चित्र त्याच `jalna.png` या नावाने ठेवले. ज्या ज्या पानावर ते चित्र होते, तेथे नवा नकाशा आपोआप आला. पर्यायी मजकूर मात्र कोठेही बदलला नाही. डोळस वाचक आता ‘छत्रपती संभाजीनगर’ वाचतो, तर ऐकणाऱ्याला अजून ‘औरंगाबाद’च ऐकू येते. डोळस माणसाला `alt` सहसा दिसत नसल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

मग संहितेत ‘औरंगाबाद’ शोधून सर्वत्र नवे नाव घातले तर? येथेच दुसरी चूक होते. तो शब्द मजकुरात दोनदा आला आहे. तळटीप १९८१ सालची घटना सांगते. त्या वेळी जिल्ह्याचे नाव औरंगाबादच होते, म्हणून चित्रातही ती तशीच ठेवली आहे. सरसकट बदल केला, तर चित्रात नसलेले शब्द पर्यायी मजकुरात येतील.

म्हणून योग्य रीत अशी. प्रथम जुना `alt` बाजूला ठेवा. नवे चित्र उघडा आणि त्यातील प्रत्येक शब्द कागदावर उतरवून घ्या. नंतर ही यादी जुन्या मजकुराशी ताडून पाहा आणि जेथे फरक असेल तेथेच बदल करा :

```html
alt="जालना जिल्ह्याचा नकाशा.
उत्तरेस जळगाव, पूर्वेस बुलढाणा व परभणी,
दक्षिणेस बीड, पश्चिमेस छत्रपती संभाजीनगर.
तळटीप : १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी
जिल्ह्यांच्या भागांतून निर्मिती."
```

नवे नाव लांब असल्याने चित्रकाराने जागेअभावी ‘छ. संभाजीनगर’ असे लिहिले असेल, तर काय करावे? स्क्रीन रीडर ‘छ.’ हे नुसते एक अक्षर म्हणून उच्चारील आणि ऐकणारा गोंधळेल. येथे पूर्ण नाव लिहावे, कारण त्याने अर्थ बदलत नाही. परंतु ‘पश्चिमेकडील नाव बदलले आहे’ असे `alt` मध्ये लिहू नये. चित्रात आज काय आहे, एवढेच सांगणे हे त्याचे काम. बदलाची हकीकत सांगायचीच असेल, तर ती पानावरील मजकुरात द्यावी. म्हणजे ती सर्वांनाच वाचता येईल.

शेवटी पडताळा घ्या. ते चित्र ज्या पानांवर असेल त्या प्रत्येक पानाची संहिता उघडून `jalna.png` शोधा. प्रत्येक ठिकाणचा `alt` वेगळा लिहिलेला असतो, म्हणून तो वेगळा तपासावा लागतो. चित्र अजून जुनेच दिसत असेल, तर ब्राउझरने पूर्वीची प्रत साठवून ठेवलेली असू शकते. पान पुन्हा नव्याने मागवून मगच ताडून पाहा.

करून पाहा : दोन मित्रांनी मिळून हा प्रयोग करावा. एकाने वरील नवा मजकूर मोठ्याने वाचावा. दुसऱ्याने नकाशा न पाहता मध्ये एक चौकट काढून चारी दिशांना ऐकलेली नावे लिहावीत व खाली तळटीप लिहावी. मग हीच कृती वर्गातील दुसऱ्या एखाद्या नकाशासाठी मजकूर लिहून करा. कागद मूळ नकाशाशी कोठे जुळत नाही ते पाहिले, की मजकुरातील चूक नेमकी सापडेल.